पहिल्या वर्षाचा तोटा

माझ्या लेकाचा, टोम्केचा ताप सकाळी उतरला होता, पण कान लाल होता. मी निघताना तो तीनदा हात लावून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "गेशे, तू दार उघडून उभी राहिलीस की घर गार होतं. आत तरी ये, नाहीतर जा तरी." त्या वाईट बाई नाहीत. त्यांना फक्त माणूस उंबऱ्यावर उभं राहिलेलं चालत नाही.

खोकल्याच्या औषधाची बाटली कुठे आहे हे सांगायचं राहिलं, ते ट्राममध्ये आठवलं. फोन केला तर त्या म्हणाल्या, टोम्के झोपलाय, आणि बाटली मला दिसते, मी आंधळी नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा या विषयाच्या खोलीबाहेर दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसले. लेखी परीक्षेत एकाच विषयात तीनदा नापास झालं की आमच्याकडे तोंडी परीक्षेची शेवटची संधी मिळते. अर्धा तास, फळ्यासमोर. तिथे गुण मोजत नाहीत. जेमतेम पास किंवा कायमचं नापास, एवढीच दोन उत्तरं. कायमचं नापास म्हणजे नाव कमी होतं, आणि ज्या अभ्यासक्रमाला हा विषय लागतो तो मग देशातल्या कुठल्याच कॉलेजात पुरा करता येत नाही. बाकीचे सगळे विषय माझे झाले होते. बंदराजवळच्या एका मालवाहतूक कंपनीने पदवी हातात येईल या भरवशावर मला ऑक्टोबरपासून हिशेबखात्यात कायमची जागा देऊ केली होती. कायमची, हा शब्द हाउकेने पत्रावरून दोनदा मोठ्याने वाचला होता.

हाउके माझा नवरा. तो आता मासळीच्या कारखान्यात पेट्या हलवतो. त्याआधी आमची बेकरी होती, खरं तर बेकरीची छोटी कंपनी, कागदावर आमच्या दोघांपासून वेगळी. वर्ष-सव्वा वर्ष चालली. भट्टी नवी घेतली होती. त्या वर्षी टोम्के पोटात होता आणि मी पिठाच्या वासाने ओकत होते. लेखी परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले ती तेव्हाच.

दुसऱ्यांदा नापास झाले ते एका शून्यामुळे. गणितात एका भरभराटीच्या कंपनीने नवा प्रकल्प घेतला होता आणि पहिल्या वर्षी प्रकल्पाला तोटा होता. मी त्या वर्षाच्या कराच्या रकान्यात शून्य लिहिलं. तोटा झाला, मग कर कसला, असं मला वाटलं. आमच्याकडे तसंच झालं होतं. पण त्या कंपनीला इतर धंद्यांतून नफा होता. प्रकल्पाचा तोटा त्या नफ्यातून वजा होऊन कंपनीचा एकूण कर कमी होणार होता, म्हणजे तेवढे पैसे प्रकल्पाने वाचवले, आणि ते जमेला धरायला हवे होते. माझ्याबरोबर अभ्यास करणारी इम्के त्यावर डोक्याला हात लावून बसली. तिने मला पुढे महिनाभर एकच गोष्ट घोटवली. "तोटा दिसला की कर उणे. विचार करू नकोस. तू विचार करायला लागलीस की तुझी बेकरी मध्ये येते." तिसऱ्या वेळी सहा गुण कमी पडले, ते भलत्याच प्रश्नात. हा भाग बरोबर होता. म्हणून मी खूश होते, की निदान हे एक पक्कं झालं.

ब्रॉकमोलर सरांनी दार उघडलं. साठीचे, वाकलेले, स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. कोपऱ्यात क्वास्टबाई बसल्या होत्या. त्याही शिकवतात, पण आज त्या बोलणार नव्हत्या, जे होईल ते लिहून घेणार होत्या. नियम आहे तसा. सरांनी तब्येत ठीक आहे ना विचारलं, तेही नियमात आहे. मी हो म्हटलं. घरी आजारी कोणी आहे का, असं कोणी विचारत नाही.

त्यांनी मला एक कागद दिला आणि वाचायला वेळ दिला. मी वाचला. सफरचंदाचा रस बाटल्यांत भरण्यासाठी स्थापन झालेली कंपनी. यंत्र पाच लाख युरो, पाच वर्षं वापर, घसारा, म्हणजे यंत्राची हिशेबातली झीज, दरवर्षी सारखा, अखेरीस पुस्तकी किंमत शून्य. पाच वर्षांनी यंत्र तीस हजाराला विकलं जाईल. सुरुवातीला साठ हजार खेळतं भांडवल लागेल, ते शेवटी पूर्ण मोकळं होईल. विक्रीतून रोख खर्च जाऊन पहिल्या वर्षी साठ हजार उरतील, पुढची चार वर्षं प्रत्येकी एक लाख ऐंशी हजार. कर तीस टक्के. भांडवलाचा दर दहा टक्के. निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा गुंतवणूक, काढा, आणि प्रकल्प घ्यावा का ते सांगा.

मी आकड्यांखाली रेघा मारल्या. शब्दांखाली नाही.

खडू घेतला आणि सहा रकाने आखले, शून्य ते पाच, सगळं हजारांत. शून्याच्या रकान्यात यंत्राचे उणे पाचशे आणि खेळत्या भांडवलाचे उणे साठ, मिळून उणे पाचशे साठ. सरांनी विचारलं, खेळतं भांडवल म्हणजे तुमच्या शब्दांत काय. मी म्हटलं, साठ्यात पडून राहिलेला माल आणि गिऱ्हाइकांकडून यायचे राहिलेले पैसे, त्यातून आपण द्यायचे राहिलेले वजा. ते खर्च होत नाही, अडकून पडतं. म्हणून त्यावर घसारा नाही, आणि मोकळं झालं की त्यावर करही नाही. क्वास्टबाईंचं पेन चाललं. मी ते ऐकत होते. चालू असलं की बरं वाटत होतं.

मग घसारा. पाचशे भागिले पाच, दरवर्षी शंभर. मी सांगितलं की घसाऱ्याचे पैसे कोणाच्या खिशात जात नाहीत, यंत्राचे पैसे तर सुरुवातीलाच गेले. घसारा आपण फक्त कर काढण्यासाठी नफ्यातून वजा करतो आणि नंतर परत मिळवतो. दुसऱ्या वर्षापासून सुरुवात केली, कारण ती वर्षं सोपी होती. एकशे ऐंशी वजा शंभर, ऐंशी. कर चोवीस. उरले छप्पन. घसारा परत मिळवला, एकशे छप्पन. हेच तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी.

पाचव्या वर्षात आणखी दोन गोष्टी होत्या. यंत्राची पुस्तकी किंमत शून्य, म्हणून विक्रीचे तीसच्या तीस नफा. त्यावर कर नऊ, हातात एकवीस. खेळत्या भांडवलाचे साठ परत. एकशे छप्पन, एकवीस, साठ, मिळून दोनशे सदतीस.

सरांनी मध्येच विचारलं, यंत्रासाठी बँकेकडून पैसे घेतले तर व्याज कुठे दाखवाल. हा त्यांचा लाडका सापळा, सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, कुठेच नाही. दहा टक्क्यांच्या दरात ते आलंच आहे, परत वजा केलं तर दोनदा धरल्यासारखं होईल. सर म्हणाले, "छान." त्यांनी घड्याळ पाहिलं. अर्धाही वेळ गेला नव्हता. त्या क्षणी मी मनात टोम्केला म्हटलंसुद्धा, बाळा, होतंय.

मग पहिलं वर्ष. साठ वजा शंभर, उणे चाळीस. तोटा. इम्के डोक्यात बोलली आणि मी लिहिलं: कर उणे बारा. म्हणजे बाराची बचत. करानंतर उणे अठ्ठावीस, घसारा परत मिळवून बहात्तर.

पेन थांबलं.

मी थांबले नाही. प्रत्येक रकान्याखाली तक्त्यातून दहा टक्क्यांचे गुणक लिहिले आणि गुणत गेले. बहात्तरचे पासष्ट पूर्णांक शेहेचाळीस. एकशे छप्पनचे एकशे अठ्ठावीस ब्याण्णव, मग एकशे सतरा वीस, मग एकशे सहा पंचावन्न. दोनशे सदतीसचे एकशे सत्तेचाळीस पंधरा. बेरीज पाचशे पासष्ट अठ्ठावीस. त्यातून पाचशे साठ गेले. उरले पाच पूर्णांक अठ्ठावीस, पाच हजार दोनशे ऐंशी युरो. शून्याच्या वर, म्हणजे प्रकल्प घ्यावा.

मी वळले. सर माझ्याकडे नाही, फळ्याकडे पाहत होते. ते उठले आणि पहिल्या रकान्यातल्या बारावर बोट ठेवलं.

"तामेनबाई, हे बारा हजार तुम्हाला कोण देतं?"

मी म्हटलं, कर कमी होतो.

"कोणता कर?"

त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला आणि पहिली ओळ वाचायला सांगितली. मोठ्याने. मी वाचली. रस बाटल्यांत भरण्यासाठी नव्याने स्थापन झालेली कंपनी, हा तिचा एकमेव व्यवसाय.

नव्याने. एकमेव. हे दोन शब्द मी मघाशी पाहिले होते आणि ओलांडून गेले होते. दुसरा नफाच नव्हता कुठे. ज्या कराला कात्री लावायची तो करच नव्हता. आणि हे मला कळायला हवं होतं, या शहरातल्या कोणाहीपेक्षा आधी. भट्टी घेतली त्या वर्षी आमच्या करसल्लागाराने घसारा लिहिला होता, चांगला भरभक्कम, आणि हाउकेने विचारलं होतं की मग सरकार आपल्याला काही परत करतं का. सल्लागार हसला नाही. नाही म्हणाला. तेव्हा मी शेजारी बसले होते, पोटावर हात ठेवून.

"कोणी देत नाही," मी म्हटलं.

"बरोबर."

त्यांचा आवाज मऊ झाला होता. ते मला हात देत होते, हे मला दिसत होतं. मी बारा पुसले आणि शून्य लिहिलं. पहिल्या वर्षी कर नाही, म्हणजे हातात नुसते साठ. त्यांचे चोपन्न पूर्णांक पंचावन्न. बेरीज पाचशे चोपन्न सदतीस. वजा पाचशे साठ. उणे पाच पूर्णांक त्रेसष्ट. जो प्रकल्प घ्यावा म्हणून मी आत्ता सांगितलं होतं तो एका शून्याने बुडाला.

"मग घेऊ नये," मी म्हटलं.

बाहेर कोणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, त्या साखळीचा आवाज वर आला. क्वास्टबाई माझ्याकडे बघत होत्या, पेन कागदावर टेकवून, लिहीत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की अजून काहीतरी आहे. जे आहे ते त्या तोंडाने सांगू शकत नव्हत्या, पण डोळ्यांनी सांगायला त्यांची हरकत नसावी. मी फळ्यावर शोधू लागले. खेळतं भांडवल पाहिलं. यंत्राची विक्री पाहिली. गुणक पाहिले. चूक सापडेना, कारण ज्या वर्षात ती होती ते वर्ष सोपं म्हणून मी परत पाहिलंच नव्हतं.

सर म्हणाले, "तुमचा चाळीस हजारांचा तोटा. त्याचं पुढे काय होतं?"

आज, हे लिहिताना, मला उत्तर इतकं दिसतं की हाताने उचलून घ्यावं. तोटा पुढे ओढता येतो. दुसऱ्या वर्षी ऐंशीच्या नफ्यातून तो वजा होतो, कर फक्त चाळीसवर लागतो, चोवीसऐवजी बारा. दुसऱ्या वर्षाचे एकशे छप्पन नाहीत, एकशे अडुसष्ट. बारा हजार बुडत नाहीत, एक वर्ष उशिरा येतात. हे आम्हाला शिकवलं होतं. माझ्या वहीत होतं. इम्केने त्याला हिरवा रंग दिला होता.

पण त्या खोलीत मी फळा बघत नव्हते. मी बेकरीच्या मागची खोली बघत होते. कंपनी बंद करायला गेलो तेव्हा सल्लागाराने फाइल मिटली होती आणि मी त्याला जवळपास हेच विचारलं होतं, या तोट्याचं आता काय. कंपनीचा होता, कंपनीबरोबर गेला, असं तो म्हणाला होता.

"काही होत नाही," मी म्हटलं. "तो जातो."

"कुठे जातो?"

"कुठेच नाही. संपतो."

"तामेनबाई, ही कंपनी पाच वर्षं चालते."

त्यांनी हे फार सावकाश सांगितलं. याहून जास्त सांगितलं असतं तर उत्तर त्यांचंच झालं असतं, आणि कोपऱ्यात तसं लिहिलं गेलं असतं. मी मान हलवली, हो, पाच वर्षं. मग पाचव्या रकान्याकडे गेले. त्यांनी पाच म्हटलं म्हणून. दुसऱ्याकडे नाही. यंत्राच्या विक्रीवरच्या नऊकडे बघत राहिले, तो कर शून्य करावा का असं मनात आलं, हात वर गेला आणि खाली आला. क्वास्टबाईंनी मान खाली घातली आणि लिहायला सुरुवात केली. आता मात्र तो आवाज मला नको होता.

वेळ संपल्यावर मला बाहेर थांबायला सांगितलं. त्या खुर्चीवर बसून मी फोन चालू केला. सासूबाईंचा एक निरोप होता: कान अजून लाल, डॉक्टरांना विचारलं, उद्या आणा म्हणाले, काळजी करू नकोस. तो वाचत असताना, टोम्केच्या कानाचा विचार करताना, मला दुसरं वर्ष दिसलं. असं, काही कारण नसताना. मी उठून दारापर्यंत गेले आणि दारावर हात ठेवून उभी राहिले. आतून त्यांचं हळू आवाजातलं बोलणं येत होतं. मी दार वाजवलं नाही. वाजवून काय म्हणणार होते.

दार उघडलं. सरांनी बसा म्हटलं नाही, म्हणून तेव्हाच कळलं. ते म्हणाले की पायऱ्या बऱ्याच चांगल्या होत्या, व्याजाचं उत्तर तर फारच, पण कर आणि तोटा हा या गणिताचा गाभा होता, दोनदा वाट दाखवूनही निर्णय चुकीचा राहिला, आणि दोघांचं मत एकच झालं. महिन्याभरात हरकत घेता येते. त्याचा अर्ज खाली मिळतो.

"दुसऱ्या वर्षी," मी म्हटलं. "कर बारा. एकशे अडुसष्ट. मूल्य चार हजार दोनशे नव्वद, अधिक." शेवटचा आकडा मी दाराशी उभी असताना फोनवरच काढला होता.

ब्रॉकमोलर सरांनी चष्मा काढला. "हो," ते म्हणाले. "चार हजार दोनशे नव्वद." आणि मग, चष्मा पुसत, "मला फार वाईट वाटतं." ते खरंच वाटत होतं. त्याने मला काही फरक पडला नाही, आणि तेवढ्यासाठी मी त्यांच्यावर रागावूही शकले नाही.

संध्याकाळी हाउके आला तो मासळीच्या वासासकट. टोम्के मांडीवर, कान कापसाने झाकलेला. मी सांगितलं. तो बूट काढत होता, एक काढला आणि दुसरा तसाच ठेवून बसला. मालवाहतूक कंपनीचं काय, म्हणाला. मी म्हटलं, दुपारीच फोन केला. तिथल्या बाई फार चांगल्या बोलल्या. पदवीशिवाय ती जागा देता येत नाही. गोदामाच्या खिडकीवर, सहा महिन्यांच्या करारावर काही निघालं तर कळवतील.

मग तो म्हणाला, "दाखव तरी मला. कसलं गणित होतं ते."

मी दाखवलं. पाव कापायच्या फळीशेजारी, सामानाच्या यादीच्या पाठीवर. सहा रकाने. तो बेकरीवाला, आकडे त्याला कळतात, पटापट कळतात. घसारा का मिळवायचा हे त्याने एकदाच विचारलं. पहिल्या वर्षाशी आल्यावर मी शून्य लिहिलं आणि दुसऱ्या वर्षी बारा लिहिले आणि तोटा तिथे कसा वापरला जातो ते सांगितलं.

हाउके त्या बाराकडे बघत राहिला.

"म्हणजे आपण आणखी एक वर्ष काढलं असतं," तो म्हणाला, "तर तो तोटा उपयोगी पडला असता?"

"नफा झाला असता तर."

"झाला असता का?"

तो मला खरंच विचारत होता. बेकरी बंद झाल्यापासून त्याने हे कधी विचारलं नव्हतं, आणि मी त्याच प्रश्नाला घाबरत होते. आमच्या दुसऱ्या वर्षाचे पहिले तीन महिने मला पाठ होते. पिठाचा भाव, विजेचं बिल, समोर उघडलेलं मोठं दुकान. त्यात एकशे ऐंशी कुठेच नव्हते. शंभरही नव्हते.

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, दुसरा बूट काढला आणि टोम्केला माझ्याकडून घेतलं. टोम्के त्याच्या खांद्यावर डोकं टाकून खोकला. मी मोजून पाहिलं, श्वास जड आहे का. नव्हता. हाउके त्याला थोपटत खिडकीशी उभा राहिला आणि पाठमोराच म्हणाला की गोदामाच्या खिडकीवरचं काम निघालं तर घे, तोवर तो शनिवारची पाळी मागेल.

मी म्हटलं, घेते. आणि पुढच्या महिन्याचा हिशेब त्याच कागदाच्या उरलेल्या जागेत मांडायला बसले, त्यात शनिवार धरून.